फराळाचा डबा भरताना: मिठाईवाल्याच्या पाऊण मिनिटाची संहिता

दिवाळीच्या आधी मिठाईच्या दुकानातून ग्राहकांच्या मोबाइलवर येणारे व्हिडिओ बहुधा एकाच साच्यातले असतात. तुपाची धार, केशराची काडी, सनईचे सूर आणि शेवटी दुकानाची पाटी. दूरच्या, दुकान कधी न पाहिलेल्या ग्राहकाला खेचण्यासाठी हे ठीक असेल. पण ज्या दुकानाचा धंदा आजूबाजूच्या दोन-तीन किलोमीटरवर चालतो, त्याच्या ग्राहकाने ते लाडू आधीच खाल्लेले असतात. त्याला चव पटवून देण्याची गरज नसते. त्याच्या मनात वेगळेच प्रश्न असतात: बंद खोक्यात ताजा माल असेल ना, चकल्या अख्ख्या येतील ना, वजनात खोका धरतात का, आणि धनत्रयोदशीला तासभर रांगेत उभे राहावे लागेल का. ऑर्डर भरण्याचे काम दाखवणारी छोटी चित्रफीत या प्रश्नांना उत्तरे देण्यासाठी असते, आणि तिची संहिता या प्रश्नांच्याच क्रमाने लिहावी लागते.

एरवी ग्राहक काचेपलीकडचा माल पाहून मागतो. ‘ती नको, त्या बाजूची द्या’ असे सांगू शकतो. सणाच्या ऑर्डरीत हा अधिकार जातो. पैसे आधी भरलेले असतात आणि हातात पडतो तो चिकटपट्टी लावलेला खोका. झाकण बंद होण्यापूर्वी काय घडते ते ग्राहकाला एकदा पाहायला मिळाले, तर घरी जाऊन खोका उघडेपर्यंतची धाकधूक कमी होते. त्यामुळे या प्रकारच्या चित्रफितीत मिठाई बनवण्याची दृश्ये जवळजवळ नकोतच. कढई आली की संहितेचा रोख बदलतो, आणि पाऊण मिनिटात दोन विषय मावत नाहीत.

संहिता लिहिण्याआधी कोणता खोका दाखवायचा ते ठरवावे लागते. दुकानात सहा प्रकारचे खोके असले तरी दाखवायचा एकच, सर्वात जास्त खपणारा. उदाहरणासाठी ठाण्यातल्या नौपाड्यातले एक मध्यम आकाराचे दुकान घेऊ. त्याचा दोन किलोचा फराळ बॉक्स असा आहे: चिवडा आणि चकली प्रत्येकी अर्धा किलो, शेव, शंकरपाळे, बेसनाचे लाडू आणि सुक्या खोबऱ्याच्या करंज्या प्रत्येकी पाव किलो. घरपोच सेवा नौपाडा, पाचपाखाडी आणि चरई एवढ्यापुरतीच. या खोक्यात पेढे-बर्फी नाही, आणि ती का नाही हे संहितेपुरतेही महत्त्वाचे आहे. खव्याची मिठाई खोलीच्या तापमानाला थोडेच दिवस टिकते, तर बेसनाचा लाडू आणि तळलेला कोरडा फराळ कितीतरी जास्त. दोन्ही एका खोक्यात भरले की सगळ्या खोक्याचे आयुष्य पेढ्याएवढे होते. म्हणून जाणते दुकानदार खव्याचा पुडा ग्राहक येण्याच्या दिवशी वेगळा भरतात. ओल्या नारळाच्या करंजीलाही हाच न्याय लागतो.

आता खोका भरण्याची प्रत्यक्ष प्रक्रिया पाहू, कारण संहितेचा कणा तीच आहे. तळलेला माल कढईतून निघाला की मोठ्या परातींत किंवा ट्रेमध्ये पसरून गार होऊ द्यावा लागतो. वरून हाताला गार लागणारी चकली आतून कोमट असू शकते, आणि ढीग करून ठेवली असेल तर मधल्या चकल्या बराच वेळ गरम राहतात. अशी चकली पिशवीत बंद केली की तिची वाफ पिशवीच्या आतल्या बाजूला धुक्यासारखी जमते, तेच पाणी चकली परत शोषून घेते आणि दुसऱ्या दिवशी ती सादळते. पिशवीवरचे हे धुके हीच चूक ओळखण्याची सर्वात सोपी खूण. गंमत अशी की चित्रीकरण करणाऱ्याला नेमके हेच दृश्य मोहात पाडते: गरमागरम चकली, वर उठणारी वाफ, लगेच पिशवीत. वाफ कॅमेऱ्याला आवडते, चकलीला नाही. नौपाड्यातल्या ज्या काकू पन्नास वर्षे घरी भाजणी करतात त्यांना हे दृश्य पाहून एकच गोष्ट कळेल, की इथे माल गरम भरतात.

गार झालेला माल मग वजन करून वेगवेगळ्या पिशव्यांत जातो. कुरकुरीत आणि मऊ पदार्थ एकमेकांना उघडे लागू द्यायचे नाहीत, हा यातला मूळ नियम. लाडू आणि करंजीच्या सारणातला ओलावा थोडा असला तरी कोरडी शेव तो ओढून घेते. वासाचेही तसेच, लसणाची शेव उघडी असेल तर तिच्या शेजारचे शंकरपाळे दोन दिवसांत लसणाचे लागतात. म्हणून चिवडा, शेव, चकली, शंकरपाळे सीलबंद पिशव्यांत आणि लाडू-करंजी झाकणाच्या डबीत, तळाशी बटर पेपर घालून. बटर पेपर शोभेसाठी नसतो. तो नसेल तर तूप पुठ्ठ्यात उतरते आणि खोक्याला बाहेरून डाग पडतो. वर्तमानपत्राचा कागद तर खाद्यपदार्थाला लागताच कामा नये. शाई खाण्यात उतरण्याचा धोका असल्याने अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या पॅकेजिंगविषयक नियमांनी त्याला मनाई केली आहे. चित्रीकरणाच्या दिवशी ओट्यावर सहज पसरलेला पेपर राहून जातो आणि तेवढेच लोकांच्या नजरेत भरते.

खोक्यातली मांडणी वजनापेक्षा मोडण्याच्या भीतीने ठरते. लाडू-करंजीची डबी आणि शंकरपाळ्यांची पिशवी तळाला, त्यांच्या बाजूच्या फटींत चिवडा आणि शेव, आणि सर्वात वर चकली. पातळ पोह्यांचा अर्धा किलो चिवडा एवढी जागा व्यापतो की नवा कारागीर पहिल्यांदा मोठाच खोका मागतो. पण तो दाबून बसतो आणि इतर पदार्थांना गादीसारखा आधार देतो. झाकण लावल्यावर खोका हळूच हलवून पाहतात. आत काही सरकल्याचा आवाज आला तर मांडणी सैल आहे, आणि दुचाकीवरच्या पिशवीतून रस्त्यातले खड्डे ओलांडताना चकल्यांचे तुकडे होणार. हलवून पाहण्याची ही कृती चित्रफितीत दोन सेकंद दाखवली तरी ती दहा विशेषणांपेक्षा जास्त सांगते.

वजनाचा भाग थोडा तपशिलाने घ्यावा लागतो, कारण ग्राहकाची जुनी शंका तिथेच आहे. पुठ्ठ्याचा मजबूत खोका आणि प्लास्टिकची डबी मिळून बऱ्यापैकी वजन होते. ते मिठाईच्या भावाने विकणे वैधमापन कायद्यानुसार चूक आहे. ग्राहकाला मिळायला हवे ते निव्वळ वजन. इलेक्ट्रॉनिक काट्यावर रिकामी डबी ठेवून ‘टेअर’चे बटण दाबले की काटा शून्यावर येतो आणि पुढे दिसते ते फक्त मालाचे वजन. संहितेत हे तीन टप्पे तुटक न दाखवता एकाच सलग दृश्यात ठेवावेत: डबी, शून्य, लाडू. मध्ये दृश्य कापले की शंका तशीच राहते.

इथे एक तांत्रिक अडचण हमखास येते. बऱ्याच काट्यांवरचे लाल आकडे डोळ्यांना स्थिर दिसतात, पण प्रत्यक्षात ते अतिशय वेगाने चालू-बंद होत असतात. प्रखर उजेडात मोबाइलचा कॅमेरा प्रत्येक चित्र फार थोड्या वेळात टिपतो, त्यामुळे आकड्याच्या काही रेघा गायब होतात आणि २५० च्या जागी भलतेच काहीतरी दिसते. काट्यावर थेट पडणारा दिवा बंद करून तेवढे दृश्य थोड्या कमी उजेडात घेतले की कॅमेरा प्रत्येक चित्राला जास्त वेळ देतो आणि आकडे बहुधा पूर्ण उमटतात. आधी दोन सेकंदांची चाचणी घेऊन पाहिली की हे लगेच कळते.

एवढे ठरल्यावर संहिता लिहायला बसता येते. कागदाचे दोन भाग करतात. डावीकडे दृश्य, उजवीकडे आवाज. मराठीत शांतपणे, समजेल असे बोलताना सेकंदाला दोन-सव्वादोन शब्द जातात, म्हणजे पाऊण मिनिटात शंभराच्या आसपास. लिहिणाऱ्याला शंभर शब्द फार कमी वाटतात आणि म्हणून बोलणारा धापा टाकत वाचतो. शब्द मोजून लिहिणे हाच त्यावर उपाय. नौपाड्याच्या दुकानाची संहिता साधारण अशी होईल:

दृश्य: स्वच्छ ओट्यावर रिकामा खोका, बाजूला भरायच्या सहाही जिनसा. पडद्यावर अक्षरे: ‘दिवाळी फराळ – नौपाडा, पाचपाखाडी, चरई’.
आवाज: ‘नौपाड्यातल्या आपल्या दुकानात दोन किलोचा फराळ बॉक्स असा भरतात.’

दृश्य: परातीत पसरलेल्या चकल्या, हातमोजा घातलेला हात एक चकली उचलून मोडतो, आवाज स्वच्छ ऐकू येतो.
आवाज: ‘चकली पूर्ण गार झाल्यावरच पिशवीत जाते. गरम भरली तर दुसऱ्या दिवशी सादळते.’

दृश्य: रिकामी डबी काट्यावर, आकडा शून्य, मग लाडू, २५० दिसेपर्यंत सलग.
आवाज: ‘आधी डबी, मग काटा शून्यावर, मग लाडू. डबीचं वजन तुमच्या बिलात नाही.’

दृश्य: पिशव्या सील होताना, लाडू-करंजीच्या डबीचे झाकण बंद.
आवाज: ‘कुरकुरीत पदार्थ वेगळ्या पिशव्यांत, लाडू-करंजी डबीत. एकाचा ओलावा दुसऱ्याला लागत नाही.’

दृश्य: खोका थर लावत भरला जातो, शेवटी चकली, झाकण लावून खोका कानाशी हलवून पाहणे.
आवाज: ‘चकली सगळ्यात वर. खोका हलवून पाहायचा. आवाज आला तर पुन्हा भरायचा.’

दृश्य: लेबल जवळून, तारीख वाचता येईल असे.
आवाज: ‘कधी भरलं आणि कधीपर्यंत खायचं, दोन्ही लेबलवर आहे.’

दृश्य: दुकानाची पुढची बाजू, ऑर्डरीचा वेगळा काउंटर बोटाने दाखवत. पडद्यावर भाव, फोन नंबर, शेवटची तारीख.
आवाज: ‘ऑर्डर रमा एकादशीपर्यंत. वसुबारसेपासून सकाळी अकरा ते रात्री नऊ, पावती दाखवा आणि बाजूच्या काउंटरवरून न्या. यायला जमत नसेल, तर या तीन भागांत आम्ही पोचवतो.’

या संहितेत ‘नमस्कार मित्रांनो’ नाही, आणि दुकानाचे नाव सुरुवातीला मोठ्या अक्षरांत फिरवलेले नाही. पहिल्या तीन-चार सेकंदांत बघणारा पुढे सरकायचे की थांबायचे ते ठरवतो. त्याला थांबवणारी गोष्ट म्हणजे स्वतःच्या भागाचे नाव. ‘ठाण्यात कुठेही घरपोच’ असे लिहिले तर ते जास्त लोकांपर्यंत जाईल हे खरे, पण दिवाळीच्या आठवड्यात घोडबंदर रोडवरून आलेल्या वीस ऑर्डरी पोचवताना नौपाड्यातल्या शंभर ऑर्डरींचे वेळापत्रक कोलमडते. तीन भागांची नावे घेणे म्हणजे बाकीच्यांना नम्रपणे नाही म्हणणेही आहे.

भाव आवाजात नाही, फक्त अक्षरांत आहे. तुपाचा किंवा काजूचा दर मध्येच वाढला आणि खोक्याची किंमत बदलावी लागली, तर अक्षरे दहा मिनिटांत बदलता येतात. आवाज पुन्हा ध्वनिमुद्रित करावा लागतो. तारखांऐवजी रमा एकादशी, वसुबारस असे दिवस बोलण्यात घेतल्यानेही तोच फायदा होतो. घरातल्या मोठ्यांना ते पटकन कळतात आणि पुढच्या वर्षी संहितेचा तेवढा भाग तसाच वापरता येतो. इंग्रजी तारीख पडद्यावर दिली की तरुणांचीही सोय होते.

अक्षरांबाबत आणखी थोडे. बरेच लोक मोबाइलचा आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून प्रत्येक दृश्यावर चार-पाच शब्दांची ओळ हवी. पण उभ्या पडद्याच्या अगदी तळाशी आणि उजव्या कडेला ॲपची स्वतःची बटणे आणि मजकूर येतो. तिथे ठेवलेला फोन नंबर झाकला जातो. मधल्या पट्ट्यात किंवा वरच्या तिसऱ्या भागात अक्षरे ठेवली की हा घोटाळा टळतो.

आवाज कोणाचा असावा, हा प्रश्न अनेकदा चुकीचा सुटतो. भाड्याने घेतलेला निवेदकाचा भरदार आवाज रेडिओवरच्या जाहिरातीसारखा वाटतो. जवळचा ग्राहक ओळखतो तो गल्ल्यावरच्या काकांचा आवाज, थोडा अडखळणारा असला तरी. मात्र तो उघड्या मिठाईसमोर बोलून घ्यायचा नाही. एक तर भट्टी, पंखे आणि मिक्सरच्या गोंगाटात शब्द बुडतात, आणि दुसरे म्हणजे उघड्या लाडवांवर बोलणारा माणूस पाहून स्वच्छतेचे सगळे दावे फिके पडतात. दृश्ये आधी घ्यावीत आणि आवाज नंतर, दुकान बंद झाल्यावर गोदामात पोत्यांच्या मध्ये बसून. पोत्यांनी आवाज घुमत नाही. चकली मोडल्याचा, चिवडा पिशवीत पडल्याचा आवाज मात्र जागेवरचाच ठेवावा. लोकप्रिय चित्रपटगीत मागे लावण्याचा मोह टाळलेला बरा, कारण व्यावसायिक वापरासाठी त्याचे हक्क दुकानाकडे नसतात आणि ऐन ऑर्डरीच्या दिवसांत चित्रफितीचा आवाज काढून टाकला जाऊ शकतो.

चित्रीकरणाला दोन माणसे लागतात. भरणारा हात आणि मोबाइल धरणारा हात वेगळा असायला हवा; मोबाइलला लागलेला हातमोजा परत लाडवाला लागला तर ते पडद्यावर दिसत नाही, पण दुकानातल्या मुलांना तीच सवय लागते. डोक्यावर टोपी, हातात अंगठ्या नाहीत, नखे कापलेली, एवढे पाहून मग सुरुवात. पुढची चूक जास्त गंभीर आहे: भिंतीवर टांगलेल्या किंवा खोक्यांवर चिकटवलेल्या खऱ्या ऑर्डर चिठ्ठ्या. त्यांवर ग्राहकांची नावे, इमारत, मोबाइल क्रमांक असतात, आणि शेजारपाजारच्या लोकांसाठी केलेल्या चित्रफितीत त्या वाचल्या जाणारच. दृश्यात येणारी प्रत्येक चिठ्ठी कोरी किंवा खोट्या नावाची असावी.

संहितेतल्या शब्दांवर कायद्याचीही नजर असते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये जाहिराती आणि दाव्यांसाठी नियम केले. ‘शुद्ध’, ‘ताजे’, ‘नैसर्गिक’, ‘पारंपरिक’ असे शब्द कधी वापरायचे याच्या अटी त्यात आहेत. ‘साजूक तुपातला फराळ’ असे बोलून गेले आणि शेव-चिवडा तेलात तळलेला असेल, तर ते वाक्य दिशाभूल करणारे ठरते. अशा वेळी ‘लाडू साजूक तुपातले, तळण शेंगदाणा तेलात’ असे जे खरे असेल तेच नेमके सांगणे सोपे आणि सुरक्षित. तेल पामचे असेल तर त्याविषयी चित्रफितीत गप्प राहता येते, लेबलवर मात्र राहता येत नाही.

लेबलचे दृश्य म्हणूनच वगळू नये. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेवरही ती कधीपर्यंत खावी ती तारीख लावणे बंधनकारक करण्यात आले होते, त्यामुळे ग्राहक आता तारीख शोधू लागला आहे. आधीच भरून ठेवलेल्या खोक्यावर तर पदार्थांची नावे, निव्वळ वजन, किंमत, तारखा, शाकाहाराची हिरवी खूण, दुकानाचा पत्ता आणि १४ आकडी परवाना क्रमांक यायला हवेत. जवळून दाखवलेल्या लेबलवर यातले काही राहिले असेल, तर चित्रफीत त्याचीच जाहिरात करते. शिवाय दाखवलेली तारीख चित्रीकरणाच्या दिवसाची असते. दसऱ्याला काढलेल्या दृश्यातली तारीख दिवाळीला बघणाऱ्याला ‘जुना माल’ वाटू शकते, म्हणून पडद्यावर ‘नमुना खोका’ असे बारीक लिहितात.

दसऱ्याचा उल्लेख इथे सहज आलेला नाही. दसरा ते लक्ष्मीपूजन या वीसेक दिवसांत ऑर्डरींचा सगळा खेळ होतो, आणि चित्रफीत दसरा ते कोजागिरीच्या दरम्यान बाहेर पडली तरच तिचा उपयोग. पण तेव्हा खोके भरण्याचे काम सुरूच झालेले नसते. त्यासाठी थोडा फराळ आधी करून एकच खोका भरतात आणि तोच कॅमेऱ्यासमोर पुन्हा पुन्हा रिकामा करून भरतात. गेल्या वर्षीची दृश्ये वापरली तर खोक्याचा रंग किंवा जिनसांची संख्या बदललेली निघते, आणि ग्राहक मोबाइल पुढे करून ‘यात तर अनारसे होते’ म्हणतो. कॅमेऱ्यासमोर दिसले ते कबूल केल्यासारखेच असते. त्यामुळे खास चित्रीकरणासाठी मोठे लाडू वळणे किंवा वरून काजू पेरणे टाळावे. साधारण ४० ग्रॅमचा लाडू असेल तर पाव किलोत सहा बसतात, आणि व्हिडिओत मोजून सहाच दिसायला हवेत.

चित्रफीत पाठवायची कुठे, हे तुलनेने सोपे आहे. दुकानाच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर, गेल्या वर्षीच्या ग्राहकांना, आणि सोसायट्यांच्या गटांत तिथल्या सचिवांना विचारून. दुकानातल्या टीव्हीवर ती आवाजाशिवाय फिरत ठेवली तरी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ऑर्डरीची आठवण होते. रमा एकादशीनंतर मात्र हीच चित्रफीत अडचणीची ठरते, कारण ती पाहून लोक ऑर्डर द्यायला येत राहतात. म्हणून त्याच दृश्यांवर शेवटच्या भागाचा आवाज आणि अक्षरे बदलून दुसरी आवृत्ती आधीच तयार ठेवतात. तिच्यात नव्या ऑर्डरीचा उल्लेख नसतो. खोका कोणत्या काउंटरवर, कोणत्या वेळेत मिळेल, पावती हरवली तर नोंदवलेला मोबाइल क्रमांक सांगावा, आणि घरी गेल्यावर लाडू-करंजीची डबी बाहेर काढून वेगळी ठेवावी, एवढेच तिच्यात येते.